एका तिकिटाचा खर्च: पगार, साधने आणि सुपरवायझरचा वेळ

रत्नागिरीत बसून कोल्हापूर, सांगली किंवा ठाण्याच्या ग्राहकाला सॉफ्टवेअरची मदत पुरवणाऱ्या लहान कंपनीत मार्च उलटला की वार्षिक देखभाल करारांचे, म्हणजे एएमसीचे, दर ठरवायला घेतात. त्या वेळी एक प्रश्न हमखास पुढे येतो. ग्राहकाचा फोन आला, त्याची तक्रार नोंदली, ती सोडवून बंद केली, तर या एका तिकिटाला आपल्याला पडले किती? उत्तर बहुतेक ठिकाणी तोंडी मिळते आणि ते पगाराला तिकिटांच्या संख्येने भागून काढलेले असते. हे उत्तर नुसते ढोबळ नाही, ते ठराविक दिशेने चुकते. त्यात खर्च कमी दिसतो, अवघड आणि सोपे काम एकाच भावाचे वाटते आणि टीमच्या मोकळ्या वेळाचा अर्थ उलटा लागतो. हा हिशेब करण्याच्या ज्या पद्धती रूढ आहेत, त्यांची ताकद आणि मर्यादा एका नमुन्याच्या आधाराने पाहू.

नमुना असा धरू. पतसंस्था आणि व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर देणारी पंचवीसेक माणसांची कंपनी. सपोर्टला सहा जण आणि त्यांच्यावर एक सुपरवायझर. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आपल्या कंपनीचे आकडे त्यांच्या जागी घातले की पद्धत तशीच चालते.

सहाही जणांचा महिन्याचा पगार १८,००० रुपये, त्यात मूळ वेतन १२,०००. महिन्याला २,४०० तिकिटे. ढोबळ हिशेब सांगतो, १,०८,००० भागिले २,४००, म्हणजे तिकिटामागे ४५ रुपये.

पहिली दुरुस्ती पगारातच आहे. माणसाच्या हातात पडते ती रक्कम आणि कंपनीला तो माणूस पडतो ती रक्कम या वेगळ्या असतात. भविष्य निर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के जातात, विमा आणि प्रशासकीय आकार धरून १३. मूळ वेतन १२,००० असेल तर १,५६० रुपये. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के, इथे ५८५. किमान बोनस ८.३३ टक्के, सुमारे १,००० रुपये; तो दिवाळीला दिला तरी दर महिन्याला साचत असतो. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, म्हणजे मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, ५७७ रुपये. माणूस पाच वर्षे टिकेलच असे नाही, म्हणून ग्रॅच्युइटी सोडून देण्याची सवय दिसते. पण मुरलेली, अवघड तिकिटे सोडवणारी माणसेच टिकतात आणि नेमके त्यांचेच देणे एक दिवस एकरकमी समोर येते. हे सगळे मिळवले की एक जण साधारण २१,७०० रुपयांना पडतो, ठरलेल्या पगाराच्या एक पंचमांश वर. सहा जणांचे १,३०,२००.

साधनांचा खर्च लहान वाटतो, कारण तो तुकड्यातुकड्यांनी जातो. तिकिटे नोंदवण्याचे सॉफ्टवेअर माणशी भाड्याने मिळते. झोहो डेस्क किंवा चेन्नईत २०१० साली सुरू झालेले फ्रेशडेस्क यांसारख्या सेवांची आकारणी तिकिटांवर नसते, वापरणाऱ्या माणसांवर असते. म्हणून तिकिटे निम्म्यावर आली तरी हे बिल तेवढेच राहते. सुपरवायझर धरून सात जणांचे माणशी १,२०० प्रमाणे ८,४०० रुपये धरू. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट आणि फोन ५,६००. ग्राहकाच्या संगणकावर दुरून शिरण्याचे सॉफ्टवेअर ३,०००. सात संगणक ४५,००० प्रमाणे, तीन वर्षांत विभागून महिना ८,७५०. इन्व्हर्टर, त्याच्या बॅटऱ्या आणि देखभाल २,२५०. एकूण २८,००० रुपये. जीएसटीचा परतावा कंपनीला मिळत असेल तर या बिलांवरचा १८ टक्के कर खर्चात धरायचा नाही. हिशेब फुगवणारी ही चूक नेहमी सापडते.

दुसरी इंटरनेट लाइन आणि इन्व्हर्टर पुण्याच्या हिशेबात किरकोळ ठरतील, इथे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. ग्राहक मात्र घाटावरचा असतो आणि त्याचा व्यवहार चालूच असतो. कोकणातून सेवा देण्याची ही खरी किंमत आहे आणि ती तिकिटाच्या खर्चातच दिसली पाहिजे. ‘इतर खर्चा’त ढकलली की जागा स्वस्त आहे असा खोटा दिलासा मिळतो.

आता सुपरवायझर. याच्या खर्चाबाबत दोन टोकांच्या चुका होतात. काही जण तो धरतच नाहीत, कारण तो ‘मॅनेजमेंट’मध्ये मोजला जातो. काही जण सगळाच्या सगळा सपोर्टवर टाकतात. लहान कंपनीत या माणसाचा दिवस तीन ठिकाणी जातो. तो टीम चालवतो: सुट्ट्यांची पाळी लावतो, बंद झालेली तिकिटे तपासतो, नव्याला शिकवतो. तो स्वतः तिकिटे सोडवतो, जी खालून अडून वर आली आहेत. आणि तो सपोर्टशी संबंध नसलेली कामेही करतो: नव्या ग्राहकाला डेमो, चिपळूण किंवा लांज्याच्या शाखेत जाऊन प्रशिक्षण, वसुलीचे फोन.

ही विभागणी आठवणीवर सोडता येत नाही. माणसाला मोठी कामे आठवतात, पाच-पाच मिनिटांची विसरतात, आणि सुपरवायझरचा वेळ खातात ती नेमकी हीच. शेजारच्या टेबलावरून “सर, जरा बघा ना” अशी हाक येते, तो उठून जातो, प्रश्न सुटतो, नोंद कुठेच होत नाही. सोपा उपाय म्हणजे दोन आठवडे वहीत पंधरा-पंधरा मिनिटांची घरे आखायची आणि त्या वेळी चालू असलेल्या कामाचे एक अक्षर त्यात भरायचे; हाकेसाठी वेगळी रेघ. या दोन आठवड्यांत महिनाअखेर यायला हवी, नाहीतर चित्र निवांत दिसते. आपल्या नमुन्यात विभागणी अशी निघाली असे धरू: टीम चालवण्यात ४० टक्के, तिकिटांवर २५, बाहेरच्या कामांत ३५. सुपरवायझर कंपनीला महिना ३८,००० ला पडतो. त्यातले १५,२०० टीमच्या खर्चात जातील, ९,५०० अडलेल्या तिकिटांवर, आणि उरलेले १३,३०० विक्री व प्रशिक्षणाच्या नावे, सपोर्टच्या बाहेर.

सपोर्टचा महिन्याचा खर्च आता १,३०,२०० अधिक २८,००० अधिक १५,२०० अधिक ९,५००, म्हणजे १,८२,९०० रुपये. तिकिटामागे ७६ रुपये. ढोबळ हिशेबातले ४५ कुठच्या कुठे राहिले. जागेचे भाडे, वीजबिल आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामरचा वेळ यात अजून नाही.

बहुतेक कंपन्या इथे थांबतात, आणि सरासरी बरोबर असल्यामुळे थांबावेसे वाटणे साहजिक आहे. पण ७६ रुपयांचे तिकीट प्रत्यक्षात कुणीच सोडवत नाही. पासबुक छापत नाही म्हणून आलेला फोन दहा मिनिटांत मिटतो. ठेवीच्या व्याजाचा फरक शोधायला वीस-पंचवीस मिनिटे जातात. वर्षअखेरीला दोन शाखांची शिल्लक जुळत नसेल तर तासभर डेटा उघडून बसावे लागते. तिन्हींना एकच भाव लावला की सोपे काम महाग ठरते आणि अवघड काम स्वस्त.

या अडचणीवरचे सर्वांत उपयोगी काम रॉबर्ट कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांचे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्यांनी वेळेवर आधारलेली कामनिहाय खर्चाची पद्धत मांडली आणि उदाहरणाला ग्राहकसेवा विभागच घेतला. विभागाचा खर्च ५,६०,००० डॉलर, कामासाठी खरोखर उपलब्ध असलेली मिनिटे ७,००,०००, म्हणून एक मिनिट ८० सेंटला. ऑर्डर नोंदवायला ८ मिनिटे, ग्राहकाच्या चौकशीला ४४, पत तपासायला ५०. प्रत्येक कामाची संख्या त्याच्या मिनिटांनी गुणल्यावर ५,७८,६०० मिनिटे वापरली गेली, म्हणजे उपलब्ध वेळाच्या ८३ टक्के. उरलेल्या वेळाचे ९७,१२० डॉलर त्यांनी ऑर्डरींवर वाटून टाकले नाहीत, वेगळे ठेवले. कॅप्लान यांनीच आधी ज्या पद्धतीचा पुरस्कार केला होता, तिच्यात कर्मचाऱ्यांना वेळाचे टक्के विचारले जात आणि साहजिकच बेरीज शंभर होई. मोकळा वेळ कुणी सांगत नसे. नव्या पद्धतीत तो आकडेमोडीतूनच बाहेर येतो.

आपल्या टीमची मिनिटे मोजू. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार, ८ सणांच्या सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि पंधरा-एक हक्काच्या रजा काढल्या की २८२ दिवस उरतात, महिन्याला साडेतेवीस. आजारपण धरून २३ घेऊ. आठ तासांच्या दिवसात चहा, बैठक, नवी आवृत्ती शिकणे हे वजा जाता साडेसहा तास ग्राहकासाठी. म्हणजे माणशी महिना सुमारे ९,००० मिनिटे, सहा जणांची ५४,०००. टीमचा खर्च (अडलेल्या तिकिटांवरचे ९,५०० वगळून) १,७३,४००. एक मिनिट ३ रुपये २१ पैशांना.

तिकिटांपैकी १,५०० सोपी, दहा मिनिटांची. ७०० मध्यम, चोवीस मिनिटांची. २०० अवघड, पन्नास मिनिटांची, आणि सुपरवायझरचे ९,५०० रुपये याच दोनशेंवर पडतात, तिकिटामागे साडेसत्तेचाळीस. भाव असे निघतात: सोपे ३२ रुपये, मध्यम ७७, अवघड २०८. अवघड तिकिटे संख्येने जेमतेम ८ टक्के आहेत, पण प्रत्यक्ष वापरलेल्या खर्चातले २९ टक्के तीच खातात. सुपरवायझरचा वेळ सगळ्या तिकिटांवर सारखा पसरला असता तर प्रत्येकावर चार रुपये आले असते आणि हे कुणाच्या लक्षातही आले नसते.

वापरलेली मिनिटे ४१,८००, उपलब्ध वेळाच्या ७७ टक्के. १२,२०० मिनिटे आणि सुमारे ३९,००० रुपये मोकळ्या वेळाचे. इथे मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो एक माणूस कमी करण्याचा. त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात.

एक, तो वेळ खरोखर मोकळा आहे का. आपल्याकडे जुना ग्राहक पोर्टलवर तिकीट टाकत नाही. तो ओळखीच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवतो किंवा थेट मोबाइल लावतो. काम होते, नोंद होत नाही. अशी महिन्याला ४०० कामे दहा मिनिटांची धरली तर ४,००० मिनिटे त्यात गेली आणि टीम प्रत्यक्षात ८५ टक्के गुंतलेली आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे: फोन यंत्रणेतली रोजची कॉलची संख्या आणि त्या दिवशी उघडलेली तिकिटे शेजारी-शेजारी लिहायची. कॉल सातत्याने जास्त आणि तिकिटे कमी असतील तर भाजकच चुकीचा आहे. उलट दिशेची चूकही होते. तिकीट घाईने बंद केले, ग्राहकाने दुसऱ्या दिवशी नवे उघडले, की एका अडचणीची दोन तिकिटे होतात आणि तिकिटामागचा खर्च चक्क उतरतो. २,४०० पैकी ३०० अशी परत आलेली असतील तर खऱ्या अडचणी २,१०० आणि प्रत्येकीचा खर्च ८७ रुपये. म्हणून सात दिवसांत त्याच ग्राहकाकडून त्याच विषयाचे आलेले तिकीट पहिल्याच्याच खात्यावर लावावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, तो मोकळा वेळ काय विकत घेतो. याचे उत्तर हिशेबाच्या पुस्तकात नाही, टेलिफोनच्या गणितात आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी १९०९ पासून हा प्रश्न हाताळला आणि १९१७ मध्ये त्यांची प्रतीक्षेची सूत्रे प्रसिद्ध झाली. कॉल कधीही येतात, कधी लागोपाठ तीन, कधी अर्धा तास एकही नाही. त्यामुळे टीम जितकी भरत जाईल, तितकी रांग सरळ रेषेत वाढत नाही. शेवटी ती एकदम उसळते. आपल्या नमुन्यात सरासरी तिकीट सतरा-साडेसतरा मिनिटांचे आहे. सहाही जण जागेवर असताना ७७ टक्के भरलेल्या टीमपुढे ग्राहकाला सरासरी सहा मिनिटे थांबावे लागते. ८५ टक्क्यांना बारा मिनिटे. ९२ टक्क्यांना जवळजवळ अर्धा तास.

आता एक माणूस कमी करून पाहू. त्याचे २१,७०० आणि त्याच्या नावाचे तिकीट-सॉफ्टवेअरचे १,२०० वाचतील, तिकिटामागचा खर्च ७६ वरून ६७ वर येईल. कागदावर नऊ रुपयांची बचत. पण पाच जण ९३ टक्के भरतात आणि सरासरी प्रतीक्षा सहा मिनिटांवरून चाळीसवर जाते. पतसंस्थेच्या काउंटरवर खातेदार उभा असताना चाळीस मिनिटे म्हणजे तो दिवस गेला. मग शाखाधिकारी थेट सुपरवायझरला फोन करतो, सुपरवायझर अडलेली तिकिटे सोडून सोपी तिकिटे सोडवायला बसतो, आणि महागडी मिनिटे स्वस्त कामावर जाऊ लागतात. हे सूत्र गृहीत धरते की ग्राहक शांतपणे रांगेत थांबतात; प्रत्यक्षात ते फोन ठेवून पुन्हा लावतात, त्यामुळे त्याचे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. मोठ्या शहरातल्या दोनशे जणांच्या टीमला ९० टक्के भरून चालता येते, कारण तिथे चढ-उतार एकमेकांत मिसळून जातात. सहा जणांच्या टीमला ती चैन नाही. मोठ्या कंपन्यांच्या मापाने लहान टीमला ‘अकार्यक्षम’ ठरवणे हा मला या विषयातला सर्वांत नुकसान करणारा गैरसमज वाटतो.

रत्नागिरीत याला एक हंगामी बाजू आहे. गणपतीत कोकणातल्या माणसाला रजा नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण त्या आठवड्यात दोघे जण सुट्टीवर गेले की उरलेले चौघे या कामाला पुरतच नाहीत. रांग संपण्याऐवजी रोज वाढत जाते. रत्नागिरी-चिपळूणचे ग्राहक त्या दिवसांत शांत असतात, घाटावरचे नसतात. ज्या कंपनीचे बहुतेक ग्राहक जिल्ह्यातले आहेत तिला गणपती सोपा जातो, जिचे बाहेरचे आहेत तिला त्याच आठवड्यासाठी सुपरवायझरचा वेळ राखून ठेवावा लागतो. महिन्याच्या आतही चढ-उतार असतात: जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे व्यापारी ग्राहकांचे फोन ११ आणि २० तारखेच्या आसपास दाटतात, पतसंस्थांचे ३१ मार्चच्या आगेमागे, आंबा व्यापाऱ्यांचे बिलिंग एप्रिल-मेमध्ये. पगार तेच आणि तिकिटे दुप्पट, म्हणून एप्रिलमध्ये तिकिटामागचा खर्च घसरतो आणि जुलैत चढतो. यातून टीम सुधारली किंवा बिघडली असे काहीच कळत नाही. तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी.

माणसे सोडून जाण्याचा खर्चही सुपरवायझरच्याच वेळातून जातो. इथल्या फिनोलेक्स अकॅडमीतून किंवा शासकीय तंत्रनिकेतनातून आलेला मुलगा वर्ष-दीड वर्षात तयार होतो आणि पुण्याची नोकरी धरतो, हे इथल्या प्रत्येक कंपनीला ठाऊक आहे. नव्या मुलाला दहा मिनिटांच्या तिकिटाला पहिले काही आठवडे वीस मिनिटे लागतात आणि त्याच काळात सुपरवायझरचा ४० टक्क्यांचा वाटा फुगून अडलेल्या तिकिटांचा वेळ आक्रसतो. म्हणून माणूस बदलला की विभागणीची वही पुन्हा आठवडाभर भरावी. जुने टक्के वर्षभर वापरले की हिशेब हळूहळू खोटा होतो आणि ते दिसतही नाही.

आता एएमसीच्या दराकडे येऊ. दोन पतसंस्था घेऊ, दोघींची महिन्याला चौदा-चौदा तिकिटे. पहिलीची दहा सोपी, तीन मध्यम, एक अवघड: महिना ७६० रुपये. दुसरीची नऊ सोपी आणि पाच अवघड: महिना १,३२९. मोकळ्या वेळाचा खर्च वापरलेल्या खर्चाच्या प्रमाणात चढवायला याला १.२७ ने गुणायचे, कारण लवकर फोन उचलला जाण्याचा फायदा दोघींनाही मिळतो. वर्षाला पहिली ११,६०० रुपयांना पडते, दुसरी सव्वावीस हजारांना. सरासरीच्या हिशेबाने दोघींचाही आकडा १२,८०० निघाला असता. तोच एकच दर दोघींना लावला तर पहिली दुसऱ्या कंपनीचे कोटेशन मागवेल, आणि दुसरी आनंदाने राहील. दुसरीची ती पाच अवघड तिकिटे दर महिन्याला एकाच कारणाने येत असतील, उदाहरणार्थ शाखेतून दिवसअखेर न करताच संगणक बंद होत असेल, तर सुपरवायझरने एक दिवस त्या शाखेत जाऊन बसणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. साध्या भागाकाराने त्याचा एक दिवस सुमारे साडेसोळाशे रुपयांचा, आणि ती पाच तिकिटे महिन्याला १,०४० रुपये खातात.